कानातली नागीण

नागीण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कमरेवर किंवा छातीवर एका बाजूने उठलेला, जळजळणारा फोडांचा पट्टा येतो. तो पट्टा घरातली म्हातारी माणसंही लांबून ओळखतात. हाच आजार कानात होतो तेव्हा मात्र पट्टा दिसत नाही. कानाच्या भोकाभोवतीच्या खोलगट जागेत चार-पाच बारीक फोड उठतात, कधी तर कानाच्या आतच उठतात, आणि घरातल्या कोणाच्या मनात नागीण येतही नाही. तिथून दोन-तीन दिवसांत तोंड वाकडं होतं. त्यावर जे औषध आहे ते तालुक्याच्या गावीही मिळतं, पण ते पहिल्या तीन दिवसांत पोटात गेलं तर जो फरक पडतो तो आठव्या दिवशी पडत नाही. म्हणून हा आजार ओळखायचा कसा, आणि तो ओळखता ओळखता हातचे दिवस कसे निसटतात, हे जरा सविस्तर पाहू.

न्यूयॉर्कमधले मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स रॅमसे हंट यांनी 1907 मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं, म्हणून डॉक्टर त्याला ‘रॅमसे हंट सिंड्रोम’ म्हणतात. जून 2022 मध्ये गायक जस्टिन बीबर याने एक व्हिडिओ टाकला होता. त्यात त्याच्या एका बाजूचा डोळा मिटत नव्हता, त्या बाजूने हसता येत नव्हतं, आणि त्याला गाण्याचे कार्यक्रम पुढे ढकलावे लागले होते. त्याला हाच आजार झाला होता. तेव्हा तो अवघा 28 वर्षांचा होता. नागीण बहुतेकदा पन्नाशीनंतर गाठते हे खरं, पण तरुणांना ती होतच नाही असं नाही.

आता एक उदाहरण घेऊ. हे कोणा एका व्यक्तीचं नाही. अशा रुग्णांच्या बाबतीत जे ज्या क्रमाने घडतं, ते इथे एकत्र गुंफलं आहे. समजा, निफाडकडच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या 58 वर्षांच्या एक बाई आहेत. दहा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. द्राक्षाच्या तोडणीचे दिवस, झोप अपुरी. रविवारी रात्री त्यांचा उजवा कान ठणकू लागला. सोमवारी मुलाने मेडिकलमधून कानात टाकायचे थेंब आणले. थेंबांनी काही झालं नाही. मंगळवारी गावातल्या डॉक्टरांनी कान पाहिला. किंचित लाली होती, बाकी काही दिसलं नाही. त्यांनी जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक आणि वेदनाशामक दिलं.

इथे डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत या आजारात फक्त वेदना असते आणि कान तपासला तर बऱ्याचदा काहीच सापडत नाही. पण ती वेदना जरा निराळी असते. कान फुटताना दुखतो तसं हे दुखणं नसतं. सळ येते, आतून जळतं, वीज चमकल्यासारखी कळ मानेकडे आणि डोक्याच्या मागच्या बाजूला जाते. केसांतून कंगवा फिरवला किंवा पदर कानावर घेतला तरी सहन होत नाही. साध्या वेदनाशामकाने ती हलत नाही, आणि रात्री वाढते. ‘कानात काही नाही पण दुखणं भयंकर’ असा विरोध दिसला की मज्जातंतूचा विचार मनात यायला हवा.

बुधवारी बाईंना जेवणाची चव लागेना. सुनेला म्हणाल्या, “आज भाजीत मीठ टाकलंच नाहीस का गं?” मीठ होतं. गुरुवारी सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या कोपऱ्यातून गळालं. तोंड धुताना उजव्या डोळ्यात साबण गेला, कारण डोळा मिटलाच नव्हता. सून बाहेर आली आणि घाबरून म्हणाली, “आई, तुमचं तोंड वाकडं दिसतंय.”

घरात पहिला शब्द निघाला तो ‘लकवा’. मुलाने आईला मोटारीत घातलं आणि थेट नाशिकच्या हॉस्पिटलात नेलं. हे त्याने बरोबर केलं. तोंड वाकडं झालं की तो पक्षाघात आहे की नाही हे घरी ठरवायचं नसतं, कारण मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याच्या औषधाला सुरुवातीचे साडेचार तासच मिळतात. हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, तोल जाणं यांतलं काही असेल तर एक मिनिटही घालवू नये. डॉक्टर मात्र एक साधी गोष्ट करून पाहतात. ते रुग्णाला भुवया वर उचलायला सांगतात. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आदेश मिळतात, म्हणून मेंदूतल्या पक्षाघातात तोंडाचा खालचा भाग वाकडा झाला तरी कपाळावर आठ्या बहुधा दोन्हीकडे पडतात. या बाईंच्या उजव्या कपाळावर एकही आठी पडली नाही, डोळाही मिटेना. हात, पाय, बोलणं सगळं ठीक होतं. सीटी स्कॅन निर्दोष आला. म्हणजे बिघाड मेंदूत नव्हता. मेंदूतून निघून चेहऱ्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूत होता.

त्या मज्जातंतूला डॉक्टर फेशियल नर्व्ह म्हणतात. प्रत्येक बाजूला एक. तो मेंदूच्या देठापासून निघतो, कानाच्या मागच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून वळणं घेत जातो आणि कानाखाली बाहेर पडून चेहऱ्याच्या स्नायूंत पसरतो. हसणं, डोळा मिटणं, कपाळाला आठ्या घालणं ही त्याची ठळक कामं. पण त्याच्यासोबत आणखी काही तंतू जातात. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव तो आणतो. म्हणून भाजी अळणी लागली. डोळ्यात पाणी आणण्याचं कामही त्याच्याकडे असतं. कानातल्या एका इवल्याशा स्नायूला तो ताणून धरतो, त्यामुळे मोठा आवाज बोचत नाही. तो स्नायू सुटला की भांडं पडल्याचा आवाजही सहन होत नाही. आणि कानाच्या भोकाभोवतीच्या खोलगट जागेतल्या त्वचेची थोडीशी जाणीव त्याच्याच वाट्याला येते. नागिणीचे फोड नेमके याच जागेत का उठतात, हे हंट यांनी यावरूनच ताडलं होतं.

या मज्जातंतूच्या वाटेवर, हाडाच्या आत, जिथे तो एक वळण घेतो, तिथे पेशींची एक छोटी गाठ असते. तिचं नाव जेनिक्युलेट गँगलियन. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्याशेजारच्या आणि डोक्यातल्या अशा अनेक गाठींमध्ये तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. वय वाढलं, मधुमेहासारखा आजार लांबला, कर्करोगाचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असली की त्याच्यावरचा पहारा सैल होतो आणि एखाद्या गाठीतला विषाणू पुन्हा वाढू लागतो. छातीच्या भागातल्या गाठीत वाढला तर छातीवर पट्टा येतो. जेनिक्युलेट गाठीत वाढला तर कानात फोड येतात आणि चेहरा लुळा पडतो. बागेतल्या कामाने, पहाटेच्या गार वाऱ्याने किंवा कानात पाणी गेल्याने हे होत नाही. ‘वारं लागलं’ म्हणून कान बांधून शेकत बसलेल्या घरांत दिवस वाया जातात.

मज्जातंतू हाडाच्या बोगद्यातून जातो, आणि सगळं नुकसान यातूनच होतं. विषाणूने दाह झाला की मज्जातंतू सुजतो. छातीवरच्या मज्जातंतूला सुजायला आजूबाजूला मऊ जागा असते, इथे नसते. तो बोगदा त्याच्या सर्वांत अरुंद ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही कमी रुंद असतो. भिंतीत गाडलेल्या पाइपातली वायर फुगली तर ती पाइपालाच दाबली जाणार, तसं होतं. दाबामुळे मज्जातंतूचा रक्तपुरवठा मंदावतो. आधी संदेश जाणं थांबतं. तंतू तेव्हा अजून जिवंत असतात आणि सूज उतरली तर पुन्हा कामाला लागतात. दाब आणि विषाणू दोन्ही तसेच राहिले तर तंतू आतून झडू लागतात. झडलेला तंतू पुन्हा वाढतो, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने, आणि वाढताना वाट चुकू शकतो. संदेश थांबला आहे पण तंतू अजून मेलेला नाही, अशा या मधल्या काळातच औषधाचा खरा उपयोग असतो.

गुरुवारी नाशिकला बाईंना ‘बेल्स पाल्सी’ असं निदान सांगून स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडण्याचं ते सर्वांत नेहमीचं कारण आहे, आणि त्यात बहुतेक रुग्ण चांगले बरे होतात. पण बेल्स पाल्सीत कानामागे दुखलं तरी ते सहसा सौम्य असतं. या बाई चार रात्री झोपल्या नव्हत्या. शुक्रवारी सकाळी उठताना खोली गरगर फिरली, उलटी झाली, आणि उजव्या कानाला फोन लावला तर मुलीचा आवाज दबलेला ऐकू आला. ऐकण्याचा आणि तोल सांभाळण्याचा मज्जातंतू फेशियल नर्व्हच्या अगदी शेजारून जातो. दाह तिथे पोचला की कानात आवाज येणं, ऐकू कमी येणं आणि चक्कर ही त्रयी सुरू होते. साध्या बेल्स पाल्सीत हे होत नाही. दुपारी मुलाने त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कानात दुर्बीण घातली तेव्हा नळीच्या मागच्या भिंतीवर पाण्याने भरलेले चार फोड दिसले. जबडा उघडायला लावला तर टाळूच्या उजव्या अर्ध्या भागावर दोन फोड होते, डाव्यावर एकही नाही.

तोंड वाकडं झालेल्या कुठल्याही माणसाचा कान आतपर्यंत, उजेडात आणि दुर्बिणीने पाहिलाच पाहिजे, आणि सोबत टाळू, जीभ, केसांखालची त्वचा आणि मानही. घरच्या माणसांनीही मोबाइलच्या उजेडात कानाची खोलगट जागा आणि कानामागचा भाग पाहावा, आणि काही दिसलं तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं. अनेकांना तो फोड घामोळं, किडा चावल्याची खूण किंवा कानकोरण्याने झालेली जखम वाटतो. मेहंदी, चुना, गेरू किंवा हळद थापली तर डॉक्टरांना फोड ओळखणंही अवघड जातं.

आणि फोड न दिसणं हा पुरावा नाही. काही रुग्णांत आधी चेहरा लुळा पडतो आणि फोड दोन-चार दिवसांनी येतात. काहींना ते कधीच येत नाहीत. रक्तातल्या किंवा लाळेतल्या तपासणीतच विषाणूचा माग लागतो. म्हणून असह्य वेदना, चक्कर किंवा कानाला कमी ऐकू येणं हे चेहऱ्याच्या लुळेपणासोबत असेल तर अनुभवी डॉक्टर फोडांची वाट पाहत बसत नाहीत, नागीण गृहीत धरून उपचार सुरू करतात. मला हे पूर्ण पटतं. या औषधाचा धोका कमी आहे, आणि उशिराची किंमत चेहऱ्याने मोजायची असते.

शुक्रवारी संध्याकाळी, तोंड वाकडं झाल्यापासून सुमारे 36 तासांनी, बाईंना विषाणूरोधक गोळी मिळाली.

हे औषध म्हणजे असायक्लोव्हिर, किंवा त्याचंच शरीरात जाऊन असायक्लोव्हिरमध्ये रूपांतर होणारं व्हॅलासायक्लोव्हिर. असायक्लोव्हिरच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता त्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. या औषधाचं काम मोठं नेमकं आहे. ते निरोगी पेशींत जवळजवळ सुप्त राहतं. विषाणूने व्यापलेल्या पेशीत मात्र विषाणूचंच एक विकर त्याला जागं करतं, आणि मग ते विषाणूच्या नव्या प्रतीच्या साखळीत घुसून ती साखळी तिथेच तोडतं. याचा अर्थ ते फक्त विषाणू स्वतःच्या प्रती काढत असतानाच उपयोगी पडतं. ते सूज उतरवत नाही, झडलेला तंतू जोडत नाही, गाठीत निपचित पडलेला विषाणू मारत नाही. विषाणूची वाढ नागिणीच्या पहिल्या काही दिवसांत जोरात असते आणि मग शरीर तिला आवर घालतं. आठव्या-दहाव्या दिवशी औषध द्यावं तर थांबवायला फारसं उरलेलं नसतं, नुकसान मात्र होऊन गेलेलं असतं.

किती फरक पडतो? जपानमधल्या मुराकामी आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये 80 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. असायक्लोव्हिर आणि स्टिरॉइड एकत्र दिलेल्या या रुग्णांत, चेहरा लुळा पडल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालेल्या 28 जणांपैकी 21 जण पूर्ण बरे झाले, म्हणजे 75 टक्के. चौथ्या ते सातव्या दिवशी सुरू झालेल्यांत हे प्रमाण 48 टक्के होतं, आणि सात दिवसांनंतर सुरू झालेल्यांत 30 टक्के. हा आढावा मागे वळून पाहिलेला आहे. चिठ्ठी टाकून रुग्णांची वाटणी केलेली चाचणी तो नाही. तशा चाचण्यांचा शोध घेणाऱ्या 2008 च्या कॉक्रेन आढाव्याला फक्त एक, 15 रुग्णांची छोटी चाचणी सापडली, आणि तिच्यावरून काही सिद्ध झालं नाही. पुरावा पोलादी नाही. तरीही औषध कसं काम करतं, ते कधी थांबतं आणि तंतू कधी झडू लागतात, या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि जगभरचे तज्ज्ञ लवकर सुरू करण्याचाच सल्ला देतात. मात्र तीन दिवस उलटले म्हणून औषध नाकारायचं नसतं. पाचव्या-सहाव्या दिवशी, विशेषतः नवे फोड येत असतील तर, ते दिलंच जातं.

औषध मिळतं, पण मात्रा चुकते, ही आणखी एक सामान्य चूक. ओठावरच्या तापाच्या फोडांसाठी 200 किंवा 400 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या जातात. तो विषाणू या औषधाला लवकर नमतो; नागिणीचा विषाणू नमायला जास्त मात्रा लागते. प्रौढांना नागिणीसाठी असायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर 1000 मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, सात ते दहा दिवस अशी नेहमीची मात्रा असते. पाच वेळा म्हणजे झोपेपर्यंत चार-चार तासांनी. बऱ्याच घरांत ती तीनवर येते आणि औषध अपुरं पडतं. म्हणून जमत असेल तर तीन वेळांचं व्हॅलासायक्लोव्हिर सोयीचं. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते, आणि प्रत्येकाने पाणी भरपूर प्यायला हवं. म्हणून ही मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. असायक्लोव्हिरचं मलम कानाला चोळून काही उपयोग नाही; विषाणू हाडात आत बसलेला असतो, मलम तिथे पोचत नाही.

सूज उतरवण्यासाठी सोबत स्टिरॉइड देतात, बहुधा प्रेडनिसोलोन, वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे एक मिलिग्रॅम या हिशेबाने काही दिवस आणि मग उतरत्या मात्रेने. ते विषाणूला मारत नाही, म्हणून कानातल्या नागिणीत एकट्या स्टिरॉइडवर थांबणं पुरत नाही. आपल्या बाईंना गुरुवारपासून तेवढंच मिळत होतं. स्टिरॉइडमुळे मधुमेहाची साखर उसळते. बाईंची रविवारी 340 वर गेली आणि काही दिवस इन्सुलिन द्यावं लागलं. मधुमेह्याला त्यासाठी स्टिरॉइड नाकारायचं नसतं, पण साखर रोज मोजायची असते.

शनिवारी आणि रविवारी चेहरा आणखी उतरला. शुक्रवारी ओठाचा कोपरा थोडा हलत होता, रविवारी तोही थांबला. मुलगा म्हणाला, “औषध लागू पडत नाही, दुसरीकडे नेऊ का?” या टप्प्यावर अनेक घरं औषध सोडून ‘नागीण उतरवणाऱ्या’कडे जातात. औषध सुरू असतानाही पहिल्या आठवड्यात लुळेपणा वाढू शकतो, कारण आधी सुरू झालेली सूज वाढतच असते. हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवं. मंत्र, झाडपाला, चटके यांनी फोड बरे झाल्यासारखे वाटतात याचं कारण फोड आपोआपच दोन-तीन आठवड्यांत खपली धरून जातात. नागिणीने पूर्ण वेढा घातला तर माणूस वाचत नाही, ही भीतीही अनेक वेळा बोलली जाते. नागीण ज्या गाठीत जागी होते त्या गाठीच्या एकाच बाजूच्या पट्ट्यात राहते. शरीराचा वेढा ती सहसा घेत नाही. कानातल्या नागिणीत जीवाला धोका क्वचितच असतो. खरी काळजी चेहऱ्याची, कानाची आणि डोळ्याची असते.

त्यात सर्वांत तातडीची काळजी डोळ्याची. पापणी मिटत नाही आणि पाणीही कमी सुटतं, त्यामुळे बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम होऊ शकते, आणि ती चिघळली तर दृष्टी जाते. चेहरा सहा महिन्यांत सुधारला तरी गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून दिवसा दर एक-दोन तासांनी डोळ्यात कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, आणि पापणी बोटाने हळूच मिटवून वरून चिकटपट्टी. उघड्या डोळ्यावर कापूस बांधू नये. तो बुबुळालाच घासतो. बाहेर पडताना चष्मा लावावा. डोळा लाल झाला, खुपला किंवा धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावं. बाईंची सून दर दोन तासांनी मोबाइलचा गजर लावून थेंब टाकायची. डोळा शाबूत राहिला तो तिच्यामुळे.

वेदनेचंही वेगळं औषध असतं. मज्जातंतूच्या कळा पॅरासिटामॉलला दाद देत नाहीत. त्यासाठी डॉक्टर प्रेगाबालिन, गाबापेंटिन किंवा कमी मात्रेत अमिट्रिप्टिलीन देतात. सुरुवातीला त्यांनी गुंगी येते, तोल जातो, म्हणून म्हाताऱ्या माणसांनी रात्री एकट्याने उठू नये. तीन महिन्यांनंतरही कळा राहिल्या तर त्याला नागिणीनंतरचं मज्जातंतूदुखणं म्हणतात, आणि ते वयस्करांत जास्त असतं. ऐकण्याची तपासणी पहिल्या आठवड्यातच करून ठेवावी, म्हणजे पुढे सुधारलं की नाही ते कळतं.

फिजिओथेरपीच्या बाबतीत एक सांगावंसं वाटतं. फुगे फुगवा, दिवसभर च्युइंगम चघळा असा सल्ला सर्रास दिला जातो. जोरजबरदस्तीच्या व्यायामाने वाढणारे तंतू नको त्या स्नायूंशी जोडले जाण्याची भीती असते, आणि मग जेवताना डोळा मिटतो किंवा डोळा मिटताना ओठ ओढला जातो. आरशासमोर बसून, एका वेळी एकच हालचाल, हळू आणि थोडी, हे अधिक योग्य. पहिले काही आठवडे काहीच हललं नाही तरी घाबरू नये.

बाईंच्या बाबतीत पाचव्या आठवड्यात गालात पहिली हालचाल जाणवली. तिसऱ्या महिन्यात डोळा जोर लावून मिटू लागला. आठव्या महिन्यात फोटोत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसत होत्या. जेवताना उजवा डोळा किंचित बारीक होतो, आणि त्या कानाला बारीक आवाज अजून कमी ऐकू येतात. पूर्ण बरं होणं हे नव्हे. पण औषध तिसऱ्या दिवसाच्या आत सुरू झाल्यावर बऱ्याच रुग्णांना जेवढं मिळतं, तेवढं हे आहे.

फोडांतल्या पाण्यात विषाणू असतो. त्याच्या संपर्कातून नागीण लागत नाही, पण कांजिण्या न आलेल्या माणसाला कांजिण्या लागू शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत तान्ही बाळं, कांजिण्या न झालेल्या गरोदर बायका आणि कर्करोगाचे उपचार घेणारे लोक यांना लांब ठेवावं.

नागिणीवर लसही आहे. 50 वर्षांवरच्यांसाठीची, जिवंत विषाणू नसलेली शिंग्रिक्स ही लस 2023 पासून भारतात खासगी दवाखान्यांत मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दंडात दोन डोस घ्यायचे असतात. चाचण्यांत नागिणीपासून तिने 90 टक्क्यांहून जास्त संरक्षण दिलं. ती महाग आहे, आणि डोस घेतल्यावर एक-दोन दिवस दंड दुखणं, कणकण येणं हे बऱ्याच जणांना होतं. एकदा नागीण होऊन गेली तरी लस घेता येते, कारण तीच माणसं पुन्हा नागिणीला बळी पडू शकतात; फक्त चालू आजार पूर्ण ओसरेपर्यंत थांबावं लागतं. लस घेतलेल्या माणसालाही कान ठणकत असताना तोंड वाकडं झालं, तर त्याच दिवशी कान दुर्बिणीने पाहून घ्यावा लागतोच.